अपुऱ्या एनएमआर डेटाच्या पेपरवर रिपोर्ट लिहिताना

प्रश्न: सर, पहिल्यांदाच एका जर्नलकडून रिव्ह्यूसाठी पेपर आला आहे. विषय माझ्या ओळखीचा, पायराझोलचं संश्लेषण. बावीस संयुगं आहेत, त्यातली निम्मी नवीन म्हणून दाखवलीत, यील्ड सगळीकडे नव्वदच्या वर. पण पूरक फाइलमध्ये बहुतेकांचा फक्त ¹H एनएमआर शब्दांत लिहिलेला, ¹³C चार-पाच संयुगांचाच, मास कुठे आहे कुठे नाही, आणि स्पेक्ट्राच्या प्रती एकाही नाहीत. सरळ रिजेक्ट लिहू, की काय काय नाही त्याची यादी देऊ? आमच्याच कॉलेजात एनएमआर नाही, त्यामुळे लेखकांची अडचण कळते. पण डोळे झाकून पास करणंही पटत नाही. असा रिपोर्ट नेमका कसा लिहायचा?

उत्तर:

आधी एक सांगतो. हातातल्या पेपरबद्दल जेवढं लिहिलंत तेवढं पुरे, यापुढे उत्प्रेरक कोणता, जर्नल कोणतं, काहीही सांगू नका. छापून न आलेलं काम तुमच्याकडे विश्वासाने आलेलं असतं. म्हणून मीही तुमच्या पेपरवर बोलत नाही. त्याच जातीचं एक उदाहरण मी स्वतः रचतो: फेनिलहायड्रॅझिन आणि बेंझॉइलअॅसिटोन, म्हणजे क्नॉरची 1883 पासून चालत आलेली अभिक्रिया. समजा पेपरचा दावा असा आहे की नव्या घन आम्ल उत्प्रेरकावर, विद्रावकाशिवाय, ही अभिक्रिया वीस मिनिटांत होते, 97 टक्के यील्ड मिळतं आणि ‘एकच आयसोमर’ मिळतो.

यादी करायला बसण्याआधी एका कागदावर पेपरचे दावे लिहून काढा. माझ्या उदाहरणात तीन निघतात: पदार्थ हाच आहे, तो एकटाच तयार होतो, आणि इतका तयार होतो. आता प्रत्येक दाव्यासमोर लिहा की तो कोणत्या मोजमापावर उभा आहे. रिपोर्टमधली प्रत्येक मागणी यातल्या एका ओळीला बांधलेली असली पाहिजे. हे मी चूक करून शिकलो. सुरुवातीच्या एका रिपोर्टमध्ये मी ‘सर्व संयुगांचे ¹³C आणि एचआरएमएस द्यावेत’ एवढं एकच वाक्य लिहिलं. लेखकांनी दोन महिने खर्चून सगळं दिलं, पेपर छापला गेला, आणि नंतर लक्षात आलं की खरा प्रश्न त्या डेटाने सुटलाच नव्हता. मी तो विचारलाच नव्हता.

तो प्रश्न या अभिक्रियेत कुठे लपलेला असतो ते बघा. बेंझॉइलअॅसिटोनचे दोन कार्बोनिल सारखे नाहीत, आणि फेनिलहायड्रॅझिनचे दोन नायट्रोजनही सारखे नाहीत. टोकाचा NH₂ जास्त चपळ. तो बहुतेक वेळा मोकळ्या, म्हणजे मिथाइलकडच्या कार्बोनिलवर जातो, आणि मग फेनिल असलेला नायट्रोजन बेंझॉइलच्या बाजूने कडी बंद करतो. त्यातून 3-मिथाइल-1,5-डायफेनिलपायराझोल मिळतं. उलट जुळणी झाली तर 5-मिथाइल-1,3-डायफेनिलपायराझोल. दोघांचं रेणुसूत्र एकच, C₁₆H₁₄N₂. एचआरएमएसमध्ये [M+H]⁺ दोघांचाही 235.1230 ला. मूलद्रव्य विश्लेषणात दोघांचाही कार्बन 82.02, हायड्रोजन 6.02, नायट्रोजन 11.96 टक्के. दोघांच्या कुठल्याही प्रमाणातल्या मिश्रणाचेही आकडे हेच येणार. म्हणजे लेखकांनी बावीसच्या बावीस संयुगांचा अचूक एचआरएमएस आणून दिला तरी ‘एकच आयसोमर’ हा दावा जिथल्या तिथेच राहतो. शुद्धतेचंही तसंच आहे. नमुन्यात दहा टक्के दुसरं काही असलं तरी मासमध्ये आपल्या रेणूचा आकडा बरोबरच येतो.

म्हणून पूरक फाइल उघडली की मी मासकडे शेवटी वळतो. आधी ¹H ची शब्दांत लिहिलेली यादी वाचतो, कारण नुसत्या यादीतूनही बरंच कळतं. माझ्या उदाहरणात 1,5-डायफेनिलचं चित्र काढलं आहे आणि त्याखाली असं लिहिलं आहे समजा: δ 7.87 (d, 2H), 7.28–7.50 (m, 8H), 6.52 (s, 1H), 2.36 (s, 3H). हायड्रोजन मोजले तर चौदा, सगळं जुळतं. घाईतला परीक्षक इथे पुढचं पान उलटतो. पण 7.87 चा तो दोन हायड्रोजनचा डबलेट चित्राशी बसत नाही. 1,5-आयसोमरमध्ये दोन फेनिल शेजारी-शेजारी असतात, एकमेकांना अडवतात आणि पायराझोलच्या प्रतलाबाहेर वळतात. त्यामुळे दहाही अॅरोमॅटिक हायड्रोजन साधारण 7.2 ते 7.4 च्या दरम्यान गर्दी करून बसतात. 3 नंबरच्या फेनिलला मात्र अडवणारं कुणी नसतं. ते पायराझोलच्या प्रतलात सपाट राहतं आणि त्याचे ऑर्थो हायड्रोजन खाली 7.85 च्या आसपास वेगळे निघतात. पायराझोलवरचा एकटा H-4 सुद्धा हीच साक्ष देतो: 1,5-आयसोमरमध्ये तो 6.31 च्या जवळ, 1,3-आयसोमरमध्ये 6.52 च्या जवळ. म्हणजे लेखकांनी दिलेली यादी बरोबर आहे, तिच्यावरचं चित्र चुकलं आहे. डेटा अपुरा असलेल्या पेपरमध्ये कधी कधी दिलेला डेटाच लेखकांनी नीट वाचलेला नसतो. रिपोर्टमध्ये हे दाखवून देणं ‘¹³C नाही’ या तक्रारीपेक्षा कितीतरी उपयोगाचं.

मिथाइलच्या ¹H वरून इथे काही ठरवता येत नाही, 2.36 आणि 2.38 मधला फरक यंत्रावरच्या संदर्भाच्या चुकीतही बुडून जातो. मिथाइलचा ¹³C मात्र कामाचा आहे. 3 नंबरच्या मिथाइलचा कार्बन 13.6 च्या आसपास, 5 नंबरच्या मिथाइलचा 12.5 च्या आसपास. पायराझोलचा C-4 पहिल्यात 107.8, दुसऱ्यात 104.3. म्हणून या पेपरमध्ये ¹³C मागायला ठोस कारण आहे, आणि ते कारण रिपोर्टमध्ये लिहायचं. ‘जर्नलच्या नियमात आहे म्हणून’ हेही खरंच असतं, पण त्यातून लेखक काही शिकत नाही.

जे चार-पाच ¹³C दिले आहेत तेही मोजून बघा. हे दहा मिनिटांचं काम आहे आणि आश्चर्य वाटेल इतक्या वेळा इथेच गोम सापडते. आपल्या संयुगात सोळा कार्बन आहेत, पण रेषा बाराच यायला हव्यात: मिथाइलची एक, पायराझोलच्या कडीच्या तीन, आणि दोन्ही फेनिलच्या चार-चार, कारण फेनिलमधले दोन ऑर्थो सारखे आणि दोन मेटा सारखे. यादीत बरोबर सोळा आकडे दिसले तर समजायचं की कुणीतरी सूत्रातले कार्बन मोजून तितके आकडे भरले आहेत. अकरा दिसले तर तो बहुधा प्रामाणिक अपुरेपणा: दोन रेषा एकावर एक आल्या असतील, किंवा हायड्रोजन नसलेला एखादा कार्बन कमी वेळच्या स्कॅनमध्ये वर आलाच नसेल. C-3 हा तसाच आळशी कार्बन, त्याला हळू शिथिल होण्याची खोड आहे.

फ्लोरिन असलेली संयुगं यात असतीलच, 4-फ्लोरोफेनिल सगळ्यांच्या टेबलात असतो. तिथे वेगळीच गंमत होते. C–F जोडीतल्या कार्बनची रेष साधारण 248 हर्ट्झने दुभंगते. 400 च्या यंत्रावर ¹³C 100 मेगाहर्ट्झला मोजला जातो, म्हणजे ही फट जवळजवळ 2.5 पीपीएमची. यादीत ‘164.0, 161.5’ असे दोन आकडे स्वल्पविराम देऊन सुटे छापलेले दिसतात, जणू दोन वेगळे कार्बन. खरं तर तो एकच कार्बन आहे, 162.7 चा डबलेट. त्याच्या शेजारचे कार्बनही सुमारे 22 आणि 8 हर्ट्झने दुभंगतात. अशी चूक सापडली तर ती किरकोळ दुरुस्त्यांत घाला. पण तिच्यावरून एक अंदाज नक्की बांधता येतो: या याद्या स्पेक्ट्रम समोर ठेवून, रेणूचं चित्र शेजारी ठेवून लिहिलेल्या नाहीत, सॉफ्टवेअरने काढलेले पीक तसेच चिकटवले आहेत.

आता दुसरा दावा: आयसोमर एकटाच मिळतो. इथे स्पेक्ट्राच्या प्रती नसणं ही सगळ्यात मोठी उणीव आहे. शब्दांतल्या यादीत लेखकाला जे पीक आपले वाटतात तेच येतात, दुसऱ्या आयसोमरच्या H-4 चा बारीकसा पीक असेल तर तो ‘अशुद्धी’ म्हणून गळतो. प्रत समोर असली की तो आपल्याला दिसतो. शिवाय शुद्ध केलेल्या पदार्थाच्या स्पेक्ट्रमवरून अभिक्रियेची निवडकता कळतच नाही, कारण दुसरा आयसोमर कॉलममध्ये किंवा इथेनॉलच्या मातृद्रवात मागे राहून गेलेला असू शकतो. म्हणून मागायचा तो कच्च्या मिश्रणाचा ¹H, कॉलमच्या आधीचा. त्यात 6.31 आणि 6.52 च्या दोन रेषांचं क्षेत्रफळ मोजलं की प्रमाण मिळतं. 0.88 आणि 0.12 आलं तर 88:12, आणि मग ‘एकच आयसोमर’ हे शीर्षकातून काढावं लागेल. दुसरी रेष दिसलीच नाही तरी ‘फक्त’ असं लिहू देऊ नका. रोजच्या स्पेक्ट्रममध्ये दोन-तीन टक्क्यांचा आयसोमर गोंगाटात सहज लपतो. ‘95:5 पेक्षा जास्त’ असं लिहिलं की वाक्य खरं होतं.

आणि हे एका संयुगासाठी दाखवून बावीसांना लावता येत नाही. हायड्रॅझिनवर नायट्रो आला की नायट्रोजनची चपळाई बदलते. डायकिटोनवर CF₃ आला की कार्बोनिलचं आकर्षण बदलतं, निवड उलटूही शकते, आणि विद्रावकावर तर ती फारच अवलंबून राहते. CF₃ वाल्या संयुगांना एक सोय आहे: ¹⁹F चा एक स्पेक्ट्रम पुरतो. 3 नंबरचा CF₃ साधारण −62 ला येतो, 5 नंबरचा −58 च्या आसपास. पाच मिनिटांचं मोजमाप, आणि लेखकांनी ते केलेलं नसतं, कारण कुणी विचारलेलं नसतं.

तिसरा दावा यील्डचा. 97 टक्के वाचून मी नेहमी इथाइल अॅसिटेट शोधतो. CDCl₃ मध्ये त्याच्या तीन खुणा ठरलेल्या आहेत: 4.12 ला क्वार्टेट, 2.05 ला सिंगलेट, 1.26 ला ट्रिपलेट. समजा दुसऱ्या फेरीत प्रत आली, आणि पदार्थाच्या मिथाइलचं क्षेत्रफळ 3.00 धरल्यावर 2.05 चा पीक 0.60 निघाला. दोन्हीकडे तीन-तीन हायड्रोजन, म्हणजे पदार्थाच्या एका मोलमागे इथाइल अॅसिटेट 0.20 मोल. वजनात 0.20 × 88.1 म्हणजे 17.6, पदार्थाच्या 234.3 ला. एकूण वजनाचे सात टक्के विद्रावकच. मग 97 चं खरं यील्ड 90 होतं. नव्वद हे उत्तमच यील्ड आहे, पेपर त्याने पडत नाही. पण ‘आधीच्या पद्धतींपेक्षा जास्त’ असं तुलनेचं टेबल त्या सात टक्क्यांवर उभं असेल तर ते टेबल जातं. इथे लेखकांना एवढंच सुचवायचं: नमुने निर्वातात पुरते वाळवा, पुन्हा वजन करा, वाळवल्यानंतरचा स्पेक्ट्रम द्या.

आता तुमची खरी अडचण, एनएमआर नसलेल्या कॉलेजची. आपल्याकडे नमुना मुंबईच्या आयआयटीतल्या सैफला किंवा विद्यापीठाच्या मध्यवर्ती सुविधेत पाठवायचा, रांगेत थांबायचं, दर नमुन्यामागे पैसे भरायचे, हे मला ठाऊक आहे. माझी पहिली काही वर्षं त्यातच गेली. म्हणून मागणी करताना मी विचार करतो की कमीत कमी किती मोजमापांत हा दावा सिद्ध होईल. क्रिस्टलचा एक्स-रे बावीस संयुगांसाठी मागणं निव्वळ छळ आहे, आणि खरं तर एकासाठीही गरज नाही. प्रत्येक प्रकारच्या डायकिटोनमागे एक प्रतिनिधी संयुग निवडायला सांगा आणि त्याचा एचएमबीसी व नोझी मागा. 1,5-आयसोमर असेल तर एचएमबीसीमध्ये मिथाइलचे हायड्रोजन 149.5 च्या कार्बनशी, म्हणजे C-3 शी जोडलेले दिसतील. 1,3-आयसोमर असेल तर ते 140 च्या कार्बनशी जोडले जातील आणि 7.87 चा डबलेट 151.5 शी. नोझीमध्ये 5 नंबरचा मिथाइल नायट्रोजनवरच्या फेनिलच्या ऑर्थो हायड्रोजनशी ठिपका देतो. 3 नंबरचा देत नाही. ‘ठिपका नाही’ हा स्वतंत्र पुरावा धरू नका, कारण ठिपका न दिसण्याची कारणं हजार असतात. म्हणून दोन्ही एकत्र मागायचे. प्रतिनिधींची ओळख अशी पक्की झाली की उरलेल्या संयुगांना ¹H आणि ¹³C मधल्या त्याच खुणा जुळवून बसवता येतं.

नवीन म्हटलेल्या संयुगांना एचआरएमएस किंवा मूलद्रव्य विश्लेषण, यातलं एक पुरे. दोन्ही मागू नका, जर्नल मागत असेल तर गोष्ट वेगळी. मूलद्रव्य विश्लेषणाच्या ±0.4 टक्क्यांच्या मर्यादेबद्दल फार ताठर राहू नका. 2022 मध्ये शुद्ध संयुगांचे तेच नमुने वेगवेगळ्या देशांतल्या प्रयोगशाळांकडे पाठवून केलेल्या अभ्यासात कितीतरी निकाल त्या मर्यादेबाहेर गेले होते. 0.5 आला म्हणून पेपर अडवण्यात अर्थ नाही. पण ज्या यादीत सगळे निकाल काढलेल्या आकड्यापासून 0.02 च्या आतच आहेत ती यादी मी दोनदा वाचतो.

जुन्या संयुगांना इतकं काहीच नको. ती खरंच जुनी आहेत याचा संदर्भ, ¹H, आणि वितळणबिंदू छापलेल्याशी जुळतो की नाही एवढं बास. मात्र ‘नवीन’ आणि ‘जुनी’ ही वाटणी स्वतः तपासा. रचना काढून साय-फाइंडर किंवा रीॲक्सिसमध्ये शोधायची सोय नसेल तर पबकेम फुकट आहे. नवीन म्हणून दाखवलेल्या बारांतली तीन तिथे सापडतात, असा माझा नेहमीचा अनुभव. यात बहुतेक वेळा लबाडी नसते, शोधायचा कंटाळा असतो.

आता लिखाण. रिपोर्ट तुम्ही इंग्रजीतच लिहाल, पण मजकुराची ठेवण दाखवायला मी माझ्या काल्पनिक पेपरचा मुख्य भाग मराठीत लिहितो.

‘या कामात एका घन आम्लावर, विद्रावक न वापरता, बावीस पायराझोल तयार केले आहेत. अभिक्रियेचा वेळ आणि उत्प्रेरकाचा पुनर्वापर यांची माहिती वाचकांना उपयोगी पडेल. मात्र पदार्थांची रचना आणि निवडकता सध्याच्या डेटावरून ठरत नाही. खालील मुद्द्यांची पूर्तता झाल्यास पेपर पुन्हा पाहायला मला आवडेल.

1. संयुग 3a ची रचना 1,5-डायफेनिल अशी दाखवली आहे. परंतु दिलेल्या ¹H यादीतील 7.87 (d, 2H) आणि 6.52 (s, 1H) हे संकेत 5-मिथाइल-1,3-डायफेनिलपायराझोलच्या छापील मूल्यांशी जुळतात. लेखकांनी मूळ स्पेक्ट्रम पुन्हा पाहून रचना किंवा यादी यांपैकी काय चुकले आहे ते स्पष्ट करावे. हीच तपासणी 3b ते 3h साठीही करावी, कारण तिथेही 7.8 च्या पुढे डबलेट नोंदवला आहे.

2. निवडकतेचा दावा कच्च्या मिश्रणाच्या ¹H वर आधारित असावा. टेबल 2 मधील प्रत्येक संयुगासाठी H-4 च्या संकेतांवरून आयसोमरचे प्रमाण द्यावे. CF₃ असलेल्या चार संयुगांसाठी ¹⁹F पुरेसा आहे.

3. प्रत्येक डायकिटोन प्रकारातील एका संयुगासाठी एचएमबीसी आणि नोझी द्यावेत. सर्व संयुगांसाठी त्यांची गरज नाही.

4. नवीन संयुगांसाठी ¹³C, आणि एचआरएमएस किंवा मूलद्रव्य विश्लेषण यांपैकी एक द्यावे. सर्व संयुगांच्या ¹H आणि उपलब्ध ¹³C स्पेक्ट्राच्या प्रती पूर्ण रुंदीत, क्षेत्रफळांसह, विद्रावकाचे संकेत न काढता जोडाव्यात. 3d, 3k आणि 3q ही संयुगे आधी नोंदवलेली आहेत, संदर्भ द्यावेत.

5. काही स्पेक्ट्रात विद्रावक शिल्लक आढळल्यास नमुने वाळवून यील्ड पुन्हा मोजावे.’

यात पहिल्या मुद्द्याला सगळ्यात जास्त जागा गेली आहे, आणि ते मुद्दाम. शुद्धलेखन, संदर्भांची मांडणी, फ्लोरिनच्या जोडसंख्या हे सगळं वेगळ्या, छोट्या भागात शेवटी टाका. ‘इंग्रजी सुधारा’ हे वाक्य मी तरी लिहीत नाही. कुठलं वाक्य कळलं नाही तेवढं सांगतो. एक मुद्दा डेटाशी थेट जोडलेला नाही, तरी अशा पेपरमध्ये मी तो हमखास घालतो: उत्प्रेरकाशिवायचा प्रयोग कुठे आहे? फेनिलहायड्रॅझिनचा हायड्रोक्लोराइड वापरला असेल तर आम्ल तर भांड्यात आधीच आहे.

शिफारस ‘मोठी दुरुस्ती’. रिजेक्ट मी कधी लिहितो ते सांगतो: मागितलेलं सगळं दिलं तरी पेपरमध्ये नवं काही उरत नसेल तेव्हा. इथे आयसोमर उलटा निघाला तर खरं तर पेपर जास्त रंजक होईल, कारण नेहमीपेक्षा उलटी निवड होणं हीच बातमी असेल. तसं झालं तर शीर्षक, सारांश आणि यंत्रणेचं चित्र सगळं बदलेल, आणि ते लेखकांना आधीच सांगून ठेवलेलं बरं. किती वेळ द्यायचा ते संपादक ठरवतात, पण ‘नमुने बाहेर मोजावे लागत असतील तर मुदत वाढवून द्यावी’ हे वाक्य संपादकांच्या खासगी चौकटीत मी न चुकता टाकतो. त्याचा उपयोग होतो.

त्याच चौकटीत आणखी एक गोष्ट जाते, ती लेखकांच्या भागात कधीच जाऊ देऊ नका. प्रती आल्यावर एखाद्या स्पेक्ट्रममध्ये बेसलाइन मधेच काचेसारखी गुळगुळीत दिसली, किंवा दोन वेगळ्या संयुगांचा गोंगाट एकमेकांवर ठेवल्यावर तंतोतंत जुळला, तर ‘तुम्ही पीक पुसलेत’ असं लेखकांना लिहायचं नाही. ऑर्गॅनिक लेटर्सचे तेव्हाचे मुख्य संपादक अॅमॉस स्मिथ यांनी 2013 मध्ये असे पुसलेले पीक सापडत असल्याबद्दल संपादकीयच लिहिलं होतं, म्हणजे हा प्रकार कल्पनेतला नाही. पण आरोप ठरवणं आपलं काम नाही. संपादकांना पान क्रमांक आणि पीपीएमचा पट्टा सांगायचा, आणि लेखकांकडून मूळ एफआयडी फाइल मागवायला सुचवायचं. लेखकांच्या भागात ‘3k च्या मूळ एफआयडीसह पूरक फाइल द्यावी’ एवढंच. फाइल असेल तर ती मिळते, आणि मग शंका आपोआप एका बाजूला लागते.

दुसऱ्या फेरीत पेपर परत येईल तेव्हा लेखकांचं उत्तराचं पत्र सगळ्यात शेवटी वाचा. आधी थेट नव्या पूरक फाइलमध्ये 3a चं पान उघडा, 7.5 ते 8.0 चा भाग मोठा करा, आणि ¹³C च्या रेषा मोजा. बारा आहेत का, मिथाइल 12.5 ला आहे की 13.6 ला, हे स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्यावर मग पत्रात त्यांनी काय लिहिलंय ते वाचा. पहिल्या फेरीत तुम्ही जे मागितलं नव्हतं ते दुसऱ्या फेरीत नव्याने मागू नका. फक्त नव्या डेटातूनच उभा राहिलेला प्रश्न असेल तर विचारा. माझ्याकडून एकदा असं राहून गेलं होतं, नोझी मागायचं विसरलो होतो. दुसऱ्या फेरीत ते मी मागणी म्हणून लिहिलं नाही, संपादकांना माझी चूक कळवली आणि निर्णय त्यांच्यावर सोडला. त्यांनी लेखकांना विचारलं, आणि लेखकांकडे ते स्पेक्ट्रा आधीच होते.